संत्र्याच्या बागेतला रात्रीचा कॅमेरा, किडे आणि कोळी: कामाच्या नोंदी

जागा: वरुड तालुका, जिल्हा अमरावती. गावाला लागून असलेली संत्र्याची बाग, आंबिया बहार. बाग गावाजवळ असल्यामुळे गोठ्यावर गावठाणची लाईन आहे. शेतीची लाईन पाळीनं येते, तिच्या भरवशावर कॅमेरा चालला नसता.

सामान: बाहेर लावायचा साधा आयपी कॅमेरा, लेन्स ४ मिमी, लेन्सभोवती इन्फ्रारेड एलईडींची चकती. सिमवाला राऊटर, छोटा इन्व्हर्टर. कॅमेरा गोठ्याच्या कोपऱ्यावर, पत्र्याच्या खाली, साधारण ३ मीटर उंचीवर.

कशासाठी: रानडुकरं. ऑगस्टपासून फळगळ सुरू होते, डुकरं गळालेली फळं खायला येतात आणि खाता खाता ठिबकच्या नळ्या फाडून जातात. रात्रभर जागल करणं आता कोणाच्यानं होत नाही. हालचाल झाली की मोबाईलवर अलर्ट यावा आणि आपण टॉर्च घेऊन निघावं, एवढाच हेतू होता.

२३ जून

कॅमेरा लागला. रात्री काळंपांढरं चित्र स्वच्छ येते, बांधापर्यंतच्या तीन ओळी दिसतात. बसवणाऱ्या मुलानं पत्र्याखालीच बसवायचा आग्रह धरला, पाऊस लागणार नाही म्हणून. तेव्हा मलाही ते पटलं. हीच जागा पुढे नडली.

४ जुलै

पाऊस लागला आणि अलर्टचा पूर आला. एकेका रात्री शंभराच्या वर. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं उडाली त्या रात्री तर मोजणंच सोडून दिलं. प्रत्येक अलर्टमागं दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ वर चढतो, त्यामुळे दिवसाचा डेटा पहाटेच्या आतच संपला आणि नंतर खरं काही झालं असतं तरी कळलं नसतं.

बाबा बाजूच्या खाटेवर. "काऊन रे, रातभर टिंगटिंग लावली हे? डुक्कर तं एक बी नाही दिसलं, मले झोपू दे ना बाप्पा." आवाज बंद केला. आवाज बंद केलेल्या अलर्टचा काही उपयोग नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

७ जुलै

दुपारी बसून रात्रीचे व्हिडिओ सावकाश पाहिले. उपाय करण्याआधी नेमकं काय दिसते ते ओळखणं गरजेचं आहे, कारण चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली "किडे" म्हणून खपतात.

पांढरी, वाकडी, मणी ओवल्यासारखी रेघ चमकून जाते तो उडणारा पतंग. रात्री कॅमेऱ्याचं शटर मंद असते, माझ्या कॅमेऱ्यात १/२५ सेकंद. पतंग सेकंदाला २ मीटर उडत असला तर तेवढ्या वेळात तो ८ सेंटिमीटर सरकतो. लेन्सपासून २० सेंटिमीटरवर माझ्या कॅमेऱ्याला साधारण ३३ सेंटिमीटर रुंदीचं दिसते. म्हणजे एका चित्रात पाव पडदाभर रेघ. रेघेवरचे उंचवटे म्हणजे पंखांची फडफड.

एकाच जागी राहून वाऱ्यानं मागेपुढे हलणारा धुरकट पांढरा दोरा म्हणजे जाळं. त्यावर जाड, अस्पष्ट पाय दिसले तर कोळी. सगळ्या रेघा एकाच दिशेनं तिरप्या असतील तर तो पाऊस. आणि न हलणारे डाग किंवा दिव्याभोवती कडं पडल्यासारखं दुधी चित्र असेल तर काचेवर धूळ किंवा दव.

माझ्याकडे सगळ्यात जास्त अलर्ट जाळ्याचे होते. पतंग येतो आणि जातो. जाळं रात्रभर झुलते, झुळूक आली की अलर्ट. शिवाय आणखी एक नुकसान होते, ते लवकर लक्षात येत नाही. लेन्ससमोरचं जाळं पांढरंशुभ्र उजळलं की कॅमेऱ्याला वाटते उजेड भरपूर आहे, आणि तो आपला दिवा मंद करतो. मग मागची झाडं काळोखात जातात. मला दोन आठवडे वाटत होतं की कॅमेऱ्याची नजरच कमी आहे.

१३ जुलै

औषधाचा प्रयोग. कपाशीसाठी आणलेलं सायपरमेथ्रिन घरात होतंच. बाबांनी आधीच विरोध केला. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून घरात औषधाच्या बाबतीत ते फार कडक आहेत, आणि इथं तर खाली गाई बांधलेल्या. म्हणून गाई बाहेर काढून, स्वतःच्या तोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून फक्त कॅमेरा ज्यावर बसवला त्या कंसावर आणि पत्र्याच्या कडेला थोडंसं मारलं.

उपयोग शून्य म्हटला तरी चालेल. बारीक चिलटं मेली, कोळी पुन्हा हजर. वाळलेल्या औषधाचा कोळ्यावर फारसा परिणाम होत नाही, कारण तो पायांच्या टोकांवर चालतो, अंग पृष्ठभागाला टेकत नाही, आणि बराच वेळ तो भिंतीवर नसतोच, स्वतःच्या धाग्यावर असतो. उरलंसुरलं औषध पावसाच्या सडाक्यानं धुऊन गेलं.

वर आणखी एक घोळ झाला. वाऱ्यानं काही थेंब काचेवर गेले, वाळून पांढरट थर बसला, आणि रात्री कॅमेऱ्याच्या स्वतःच्याच दिव्यानं तो थर उजळून सगळं चित्र धुक्यात. साध्या पाण्यानं भिजवून मऊ फडक्यानं हलक्या हातानं पुसलं. कोरडं घासू नका, जाळ्याला चिकटलेली धूळ काचेवर ओरखडे पाडते. औषध आणि रॉकेल काचेजवळ नेऊच नका, प्लास्टिकचं आवरण असेल तर ते कायमचं धुरकट होते.

१९ जुलै

झाडूनं रोज संध्याकाळी जाळं काढणं चालू होतं आणि रोज रात्री नऊच्या आत नवीन तयार. शेजारचे काका पाहत होते. म्हणाले, "जाळं कायले तोडतं? ते कातीन आंधार पडला का नवीन घालते. तिलेच उचलून ने ना तिकडं."

बरोबर होतं. गोल जाळं विणणारे बरेच कोळी दिवसा जवळच्या फटीत दबून बसतात आणि अंधार पडला की जाळ्याच्या मध्यभागी येतात. दिवसा झाडू मारला तर फक्त दोरे निघतात. रात्री टॉर्च घेऊन गेलो, कोळी जाळ्यातच होता, डब्यात घेतला आणि बागेच्या पार दुसऱ्या टोकाला बांधावर सोडला. सकाळी कंसाच्या मागं आणि कॅमेऱ्याच्या टोपीखाली पाहिलं तर अंड्यांच्या पांढऱ्या पिशव्या निघाल्या, त्याही काढल्या. कंसाच्या फटीत सिलिकॉन भरलं.

काही रात्री शांत गेल्या. मग दुसरा कोळी आला. जागाच तशी होती: वर पत्रा, बाजूला भिंत, समोर लोंबणारी वायर, म्हणजे जाळं टांगायला तीन बाजूंनी आधार, पावसापासून आडोसा, आणि कॅमेऱ्याची ऊब.

२८ जुलै

कॅमेरा कोपऱ्यातून काढून अंगणातल्या मोकळ्या लोखंडी पाईपवर नेला. गोठ्यापासून साधारण १५ मीटर, उंची ३ मीटरच, आजूबाजूला हातभर अंतरात फांदी नाही, वायर पाईपच्या आतून. टोपी काढली नाही, उन्हापावसाला ती लागते, पण मागं सरकवून लेन्सच्या पुढे फक्त बोटभर ठेवली.

जाळी निम्म्यावर आली. पतंगांच्या रेघा जशाच्या तशा.

५ ऑगस्ट

मोबाईलच्या ॲपमध्ये हालचालीची संवेदनशीलता ६० वरून २० वर आणली. अलर्ट एकदम कमी झाले. दोन रात्री छान झोप. नंतर सकाळी बागेत गेलो तर चौथ्या ओळीत ठिबकची नळी फाटलेली, माती उकरलेली, खुरांचे ठसे. अलर्ट एकही नाही. व्हिडिओमध्ये पाहिलं तर डुक्कर स्पष्ट दिसते, सात-आठ मिनिटं आरामात फिरते.

ह्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण संवेदनशीलता कमी करणं हा सगळ्यात आधी सुचणारा उपाय आहे आणि तो उलटा चालतो. डुक्कर १० मीटरवर, पतंग १० सेंटिमीटरवर, म्हणजे शंभरपट जवळ. दिवा लेन्सच्या शेजारीच असल्यामुळे पतंगावर शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार पट जास्त उजेड पडतो. तो चित्रात मोठाही दिसतो आणि लखलखीतही. कॅमेरा फक्त चित्रातला बदल मोजतो. संवेदनशीलता कमी केली की आधी छोटे, मंद, दूरचे बदल गळतात, म्हणजे डुक्करच. पतंग शेवटपर्यंत शिल्लक राहतो.

ॲपमध्ये फक्त माणूस ओळखायचाही पर्याय आहे. चोरीसाठी कॅमेरा लावला असेल तर तो चालू करा आणि ह्या नोंदीतलं बरंच विसरा, बहुतेक किडे त्यात गळतात. मला डुक्कर हवं, त्यामुळे तो माझ्या कामाचा नाही.

१० ऑगस्ट

मूळ दुखणं कळलं होतं: दिवा आणि लेन्स एकाच जागी आहेत. ते वेगळे करून पाहायचं ठरवलं. बाहेरचा दिवा आणण्याआधी, कॅमेऱ्याचे एलईडी झाकले तर काय होते ते बघू म्हटलं.

काळी इन्सुलेशन टेप लेन्सची जागा सोडून काचेवर लावली. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिलं तर टेपमधून जांभळट उजेड गळत होता. डोळ्याला काळं दिसणारं प्लास्टिक इन्फ्रारेडला काळं असेलच असं नाही. (दिवा चालू आहे की नाही हे तपासायला सेल्फी कॅमेराच वापरा, मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा इन्फ्रारेड अडवणारी काच असते.) मग ॲल्युमिनियमची टेप लावली. उजेड बाहेर यायचा थांबला, पण तो आतल्या आत काचेतून परावर्तित होऊन लेन्समध्ये शिरला आणि चित्र दुधाळ झालं. ज्या कॅमेऱ्यात लेन्स आणि एलईडी एकाच काचेमागं असतात तिथं टेप हा उपाय नाही.

दिवा बंद करायची सोय ॲपमध्ये नव्हती. कॅमेऱ्याचा आयपी पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकल्यावर जे पान उघडते त्यात होती, `Supplement Light` नावाखाली. तिथं `OFF` केलं. विकत घेताना हे आधी विचारून घ्या. काही स्वस्त कॅमेऱ्यांत ही सोय कुठंच नसते.

आता चित्र अर्थातच काळं, पण एकही रेघ नाही, एकही अलर्ट नाही.

१५ ऑगस्ट

दिवा येईपर्यंत कॅमेरा तसाच, एलईडी बंद ठेवून चालू ठेवला, आणि सकाळी जाऊन पाहिलं. कोळ्यानं तरीही टोपीला जाळं घातलं होतं. एका खांबावरच्या एवढ्या प्रयोगानं सिद्ध काही होत नाही, पण "कोळी इन्फ्रारेडच्या उजेडाला येतो" असं जे सगळे सांगतात त्यावर माझा विश्वास कमी झाला. बहुतेक किड्यांचे डोळे अतिनीलपासून हिरव्या-पिवळ्या उजेडापर्यंत पाहतात, ८५० नॅनोमीटरचा माझा दिवा त्यांच्या नजरेच्या बराच पलीकडे आहे. किडे हवेत असतातच. आपल्याला ते दिसतात कारण आपण लेन्सच्या नाकासमोर दिवा लावून ठेवलेला असतो. आणि कोळी येतो तो आडोसा, आधार आणि भक्ष्य पाहून.

भक्ष्य कुठून येते हेही त्याच रात्री दिसलं. रस शोषणाऱ्या पतंगासाठी आम्ही प्रकाश सापळा लावतो, पांढऱ्या दिव्याचा, खाली पाण्याचं घमेलं. आंबिया बहाराची फळं ह्याच दिवसांत भरतात, त्यांना भोक पाडून रस पिणारा तो पतंग रात्रीच येतो. सापळा कुठं टांगला होता? कॅमेऱ्याच्या खांबापासून पाचेक पावलांवर, कारण वीज तिथंच होती. साऱ्या बागेतली पाखरं आम्हीच कॅमेऱ्याच्या तोंडाशी बोलावत होतो. सापळा चाळीसेक मीटर आत, कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला नेला. वायरचा खर्च वाढला, पण ह्या एका बदलानं जेवढा फरक पडला तेवढा औषधानं, झाडूनं आणि सेटिंगनं मिळून पडला नव्हता. अंगणातला पांढरा बल्बही आता आठनंतर बंद.

१८ ऑगस्ट

वेगळा इन्फ्रारेड दिवा आला. १२ व्होल्ट, १ ॲम्पियर, ८५० नॅनोमीटर, अंधार पडला की आपोआप लागणारा. ९४० चा पण मिळतो, त्याची लाल झाक डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यांना ९४० कमी दिसते आणि पल्ला बराच घटतो. मला चोरापासून दिवा लपवायचा नव्हता, म्हणून ८५०.

दिव्याचा कोन पाहून घ्या. दुकानात आधी ३० अंशाचा दाखवला, लांबपर्यंत जातो म्हणून. माझी लेन्स ८० अंशाच्या आसपास पाहते, त्यामुळे मध्ये उजेडाचा गोळा आणि दोन्ही कडा काळ्या झाल्या असत्या. ९० अंशाचा घेतला, पल्ला कमी, पण मला २० मीटरच्या पुढचं नकोच होतं.

दिवा कॅमेऱ्यापासून ३ मीटर बाजूला दुसऱ्या पाईपवर, कॅमेऱ्याच्या पुढे नव्हे, किंचित मागे, म्हणजे दिवा स्वतः चित्रात येत नाही. ह्या मांडणीत लेन्सजवळचा पट्टा अंधारात राहतो. दिव्याचा झोत आणि कॅमेऱ्याची नजर एकमेकांना भेटतात ती काही मीटर पुढे, आणि तिथला पतंग ठिपक्याएवढा दिसतो. किडे दिव्याभोवती फिरले तरी कॅमेऱ्याला ते दिसत नाहीत.

वायर: ॲडॉप्टर गोठ्यात, तिथून १५ मीटर. घरात पडलेली ०.५ चौरस मिमीची बारीक वायर लावली तर दिव्यापाशी मीटरवर ११ व्होल्टच. जाणं-येणं मिळून ३० मीटर तांबं होते, १ ॲम्पियरला जवळजवळ १ व्होल्ट त्यातच जातो. मोटारीच्या कामातून उरलेली १.५ ची वायर टाकली, ठीक झालं.

१९ ऑगस्ट

रात्री खांबाजवळ उभा असताना कॅमेऱ्यातून टक्, थोड्या वेळानं परत टक्. मोबाईलवर चित्र कधी काळंपांढरं आणि उजळ, कधी रंगीत आणि काळोख. तासभर डोकं खाजवलं.

कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी छोटी काच असते. दिवसा ती लेन्समागं येते, रात्री बाजूला होते, तोच टक् आवाज. कॅमेरा `Auto` वर होता. काच बाजूला झाली की माझ्या बाहेरच्या दिव्याचा उजेड आत येतो, कॅमेऱ्याला वाटते दिवस उगवला, तो काच परत लावतो. काच लागली की दिवा दिसेनासा होतो, कॅमेऱ्याला वाटते रात्र झाली. असं रात्रभर, आणि प्रत्येक बदलाला अलर्ट. स्वतःचा दिवा असता तर कॅमेऱ्याला तो किती आहे ते माहीत असते, बाहेरच्या दिव्याचा त्याला पत्ता नाही.

`Day/Night Switch` मध्ये `Auto` काढून वेळापत्रक लावलं: संध्याकाळी ६:४५ ते सकाळी ६:०० रात्र. टक्टक् बंद.

२४ ऑगस्ट

डाव्या बाजूचं चित्र पांढरं आणि बाकीचं मंद. दिव्यापासून हातभर अंतरावर संत्र्याची एक फांदी वाढून आली होती. पानं इन्फ्रारेड शोषत नाहीत, बरंचसं परत फेकतात, म्हणून रात्रीच्या चित्रात हिरवं झाड पांढरं दिसते. जवळचं पान एवढं लखलखते की कॅमेरा बाकीचं चित्र दाबून टाकतो. फांदी छाटली. दिवा थोडा खाली वाकवला तेव्हा जमिनीवरून येणारा उजेडही सारखा झाला. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी पाहावं लागेल.

१ सप्टेंबर

आता रेघा क्वचित. रात्रीचे अलर्ट बोटांवर मोजण्याएवढे, त्यात अजून काही पतंगांचे, बहुतेक चुकून लेन्सजवळून जाणारे. संवेदनशीलता परत ६० केली आणि साधी हालचाल पकडणं बंद करून `Intrusion Detection` वापरलं. त्यात जमिनीवर एक चौकोन आखता येतो आणि वस्तू त्यात किती सेकंद थांबली तर अलर्ट द्यायचा ते ठरवता येते.

मी `Threshold` २ सेकंद ठेवला. पतंग पडदा ओलांडायला सेकंदही लावत नाही, डुक्कर फळं खायला थांबतेच. चौकोनाचा वरचा भाग आकाशात जाऊ दिला नाही, झाडांच्या शेंड्यांच्या खालीच ठेवला. सोबत सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकाराची मर्यादा. मीटर-सव्वा मीटर लांबीचं डुक्कर १० मीटरवर माझ्या पडद्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढं रुंद दिसते, ५ मीटरवर सातव्या हिश्श्याएवढं. म्हणून पाव पडद्याहून रुंद जे काही असेल ते डुक्कर नाही, असं धरलं. लेन्सवर बसलेला कोळी ह्यातच गळतो.

मर्यादाही लिहून ठेवतो. चौकोनाच्या कोपऱ्यातून पळत जाणारं जनावर दोन सेकंदांत निसटते. एका रात्री रोह्यांचा कळप असाच निघून गेला, व्हिडिओत दिसला, अलर्ट आला नाही. मला चालते. रोही आमच्या बागेत थांबत नाही, पलीकडच्या तुरीत जाते.

९ सप्टेंबर

पहिला कामाचा अलर्ट. रात्री पावणेदोनला एक मादी आणि पिल्लं, दुसऱ्या ओळीत. बाबाच आधी उठले, डबा वाजवत निघाले. नळी वाचली. पिल्लं लहान असल्यामुळे किमान आकाराची मर्यादा आणखी खाली आणली. त्यामुळे आता गावातली कुत्रीही अलर्ट देतात, ते मी सहन करतो.

२८ सप्टेंबर

देखभाल. कॅमेऱ्यावर जाळं नाही. दिव्यावर मात्र भरगच्च जाळं आणि त्यात मेलेली चिलटं. ह्या जाळ्यानं अलर्ट येत नाही, फक्त उजेड कमी होतो, म्हणून पंधरवड्यातून एकदा वेळूला बांधलेल्या रंगाच्या मऊ ब्रशनं काढतो. त्याच वेळी कॅमेऱ्याची काच पाण्यानं पुसतो. कोणी पेपरमिंट तेल सांगितलं होतं, ते आठवडाभर लावून पाहिलं, वास दुसऱ्या दिवशीच उडतो.

खर्चाचा हिशोब, कॅमेरा सोडून: दिवा आणि ॲडॉप्टर मिळून दीड हजाराच्या आत, पाईप भंगारातून, सापळ्याची वायर सातआठशे. औषध, टेपा, तेल आणि सिलिकॉन ह्यांत चारपाचशे गेले, त्यांतलं फक्त सिलिकॉन कामी आलं. पहिल्यांदाच कॅमेरा मोकळ्या खांबावर, सापळ्यापासून दूर आणि वेगळ्या दिव्यासह लावला असता तर एका दिवसाचं काम होतं.

१६ नोव्हेंबर

आंबियाची तोड झाली, किडे कमी झाले, पण संध्याकाळी साडेपाचनंतर चित्र काळं पडायला लागलं. वेळापत्रक ऑगस्टचंच होतं. आता दिवस साडेपाचच्या आसपास मावळतो, दिवा आपोआप लागतो, पण कॅमेरा ६:४५ पर्यंत दिवसाच्याच काचेत, त्याला दिवा दिसतच नाही. सकाळीही सहाला तो दिवसावर जातो तेव्हा बाहेर अजून अंधार. रात्रीची वेळ ५:३० ते ६:४५ केली. मार्चमध्ये परत पाहायची.